स्लॅब पावसात गळतो, गॅरंटी उघडिपीत हरवते

पोस्ट लांब आहे. पण ज्यांच्या घरावर स्लॅब आहे आणि ज्यांनी त्यावर पैसे खर्चून वॉटरप्रूफिंग करून घेतलंय, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा. ठेकेदाराचं नाव लिहिणार नाही. का, ते शेवटी कळेल.

गेल्या वर्षीची, म्हणजे जुलै २०२४ ची गोष्ट. रात्री दीडच्या सुमारास आईनं हाक मारली. "अरे, उशी ओली झाली रे." दिवा लावायला गेलो तर थेंब नेमका पंख्याच्या हुकाजवळून पडत होता. आधी त्या खोलीचा एमसीबी खाली केला, मग आईला हॉलमध्ये आणून झोपवलं आणि कॉटवर घमेलं ठेवलं. पुढचे बारा दिवस ते घमेलं तिथंच होतं. आईचं वय ७४, तिला दमा. छताला काळी बुरशी धरली तसा तिचा खोकला वाढला. म्हणून हे प्रकरण माझ्यासाठी नुसतं रंगाच्या पोपड्यांचं राहिलं नाही.

राग यायचं कारण वेगळंच. वर्षभरापूर्वीच, मे २०२३ मध्ये, याच गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून घेतलं होतं. घर वडिलांनी १९९८ साली बांधलेलं. स्लॅबवर तेव्हाचा विटांच्या तुकड्यांचा कोबा. कोब्याला चिरा गेल्या होत्या म्हणून गावातल्याच एका ठेकेदाराला काम दिलं. गच्ची तीस बाय तीस, म्हणजे ९०० चौरस फूट. दर ३८ रुपये, एकूण ३४,२०० रुपये. त्यातले २० हजार रोख दिले, बाकीचे १४,२०० मोबाइलवरून पाठवले. त्यानं लेटरहेडवर एक ओळ लिहून दिली, "गळती झाल्यास ५ वर्षे मोफत दुरुस्ती." खाली सही. तारीख नाही, काय काम केलं त्याचा उल्लेख नाही. तो कागद मी एलआयसीच्या फाइलमध्ये ठेवला आणि विसरून गेलो.

बिल? बिल घेतलं नव्हतं. "दादा, बिल पाहिजे असेल तर १८ टक्के वाढतील," असं तो म्हणाला आणि मी ६,१५६ रुपये वाचवले. वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या कामातली कागदपत्रं मागतोय. स्वतःच्या घराच्या कामाचं साधं बिल मागितलं नाही. हे आधीच कबूल करतो, म्हणजे कमेंटमध्ये कुणाला लिहायला नको.

सकाळी फोन केला. ठेकेदार चौथ्या दिवशी आला, वर जाऊन बघितलं, खाली येऊन छत बघितलं आणि म्हणाला, "पाऊस थांबू दे दादा. ओल्या स्लॅबवर काही लागत नाही."

त्याचं हे म्हणणं खरं होतं, आणि सगळा घोळ इथंच सुरू होतो. अ‍ॅक्रिलिक कोटिंग ओल्या कोब्यावर मारलं तर धरत नाही. आतली वाफ त्याला खालून ढकलते, फुगे येतात आणि महिन्याभरात पापुद्रे निघतात. म्हणजे गळती दिसते जुलैत आणि दुरुस्ती होऊ शकते नोव्हेंबर-डिसेंबरात. मधले चार महिने "गणपती होऊ दे", "दसरा होऊ दे", "दिवाळीनंतर पोरं गावाहून येऊ देत" असे जातात. तोवर छत वाळतं, घरच्यांचा राग वाळतो. आपण स्वतःच एक रंगाचा हात मारून मोकळे होतो. पुढच्या जुलैत पुन्हा गळतं तेव्हा ठेकेदार म्हणतो, "मागच्या वर्षी तुम्ही काही बोलला नव्हता." गॅरंटी कागदावरून कुणी पुसत नाही. ती या उघडिपीत हरवते.

मला हे सुचलं नव्हतं. सुचवलं शेजारच्या काकांनी. ते सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेत. त्यांनी छताकडे बघून पहिलं वाक्य म्हटलं, "ठिपका दिसतो तिथं भोक शोधू नकोस." पाणी कोब्यात शिरलं की विटांच्या तुकड्यांमधून आडवं फिरतं आणि स्लॅबला जिथं वाट मिळेल तिथून खाली उतरतं. पंख्याच्या हुकाजवळ काँक्रीटमध्ये लोखंड आणि पाइप असतात, म्हणून बरेचदा थेंब तिथं दिसतो. पाणी शिरतं कुठं, ते दहा फूट लांबही असू शकतं. आणि ते ठिकाण सापडल्याशिवाय गॅरंटीचा वाद फक्त आवाजाचा वाद राहतो.

काकांनी दोन कामं सांगितली. एक, आजच लिहून कळव. दोन, वरच्या कामाला हात लावू नकोस, दुसऱ्या कुणाला लावू देऊ नकोस. ताडपत्री टाक, पण डांबर ओतू नकोस. एकदा दुसऱ्यानं काही फासलं की मूळ काम कसं होतं ते दाखवता येत नाही.

मी त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं: काम कधी केलं, किती पैसे कसे दिले, गळती कुठल्या तारखेला कुठल्या खोलीत दिसली. सोबत फोटो आणि घमेल्यात थेंब पडतानाचा व्हिडिओ. गॅरंटीच्या कागदाचा फोटोही जोडला. दहा दिवस उत्तर आलं नाही, तेव्हा तोच मजकूर कागदावर लिहून रजिस्टर एडीनं पाठवला. पोचपावती आली. एवढ्या एका पावतीनं पुढचे चार महिने राखले, कारण आता "तुम्ही बोलला नव्हता" म्हणायची सोय राहिली नव्हती.

जुने मेसेज चाळताना आणखी एक गोष्ट सापडली. काम घेताना त्यानं दर कळवला होता, तो असा: "स्लॅब + कठडा १ फूट, २ कोट, कोपऱ्याला जाळी, ३८ रु." बिल नसलेल्या माणसाला हा मेसेज बिलासारखा उपयोगी पडला. काय काम ठरलं होतं ते ठेकेदाराच्याच शब्दांत लिहिलेलं होतं.

तोवर माझा संशय मालावर होता. वाटत होतं, यानं एक बकेट कमी मारली. आमच्या मोरीत त्या कोटिंगच्या दोन रिकाम्या बकेटा पाणी भरायला वापरात होत्या, प्रत्येकी २० किलोच्या. त्यावर छापलं होतं की दोन कोटसाठी एक किलोत साधारण २५ चौरस फूट होतात. हिशेब केला. गच्ची ९०० फूट, भोवती १२० फूट लांबीचा कठडा एक फूट उंचीपर्यंत, म्हणजे आणखी १२०. एकूण १,०२० फूट, लागणार साधारण ४१ किलो. आलेलं ४० किलो. माल बरोबर होता. माझा संशय खोटा ठरला, आणि ते मला त्याला सांगावंही लागलं. घाईनं "माल चोरला" असं चारचौघांत बोललो असतो तर खऱ्या चुकीपर्यंत पोचायच्या आत तोंडघशी पडलो असतो.

ऑक्टोबरमध्ये, दसऱ्यानंतर, सलग कोरडे दिवस मिळाले. छताचा थेंब पूर्ण थांबून आठवडा झाला होता. हे महत्त्वाचं, कारण कोब्यात आधीचं पाणी असेल तर कुठल्याही चाचणीत थेंब पडतच राहतो आणि काहीच सिद्ध होत नाही. ठेकेदाराला तारीख कळवली. तो आला नाही, त्याचा मुकादम आला. तेवढं पुरेसं होतं.

आधी फक्त तळ तपासला. आईच्या खोलीच्या वरचा दहा बाय दहाचा कोपरा विटा आणि चिकणमातीनं अडवला आणि त्यात दीड-दोन इंच पाणी भरलं. साडेतीनशे लिटरच्या आसपास लागलं. कोटिंग कठड्यावर जिथवर चढलं होतं, त्याच्या खालीच पाणी ठेवलं. शेजारी एका बादलीत पाणी भरून ठेवलं आणि दोन्हीकडे पेन्सिलीनं खूण केली. उन्हानं पाणी दोन्हीकडे आटतं. बादलीपेक्षा गच्चीवरचं जास्त उतरलं तरच ते खाली मुरलं असं धरायचं. ४८ तासांनी दोन्ही खुणा सारख्याच उतरल्या होत्या. खाली छत कोरडं. म्हणजे तळाचं काम चांगलं होतं.

मग पाणी काढून टाकलं आणि नळी फक्त कठड्याच्या आतल्या बाजूवर धरली, कोटिंगच्या वरच्या कडेला. तासभर. तळावर पाणी साठू दिलं नाही. तीन तासांनी पंख्याच्या हुकाजवळ पहिला थेंब आला.

मुकादमासमोर काकांनी टेप लावला. ठरलं होतं एक फूट, कोटिंग चढवलं होतं चार इंच. त्याची वरची कड सुटली होती आणि मागचं जुनं प्लास्टर पोकळ वाजत होतं. कठड्यावर पडणारं पाणी त्या कडेमागून उतरून कोटिंगच्या खालूनच कोब्यात शिरत होतं. सुटलेली पट्टी मुकादमानं स्वतःच पात्यानं कापून उचलली. खाली कोपऱ्याला जाळी नव्हती. तळ आणि कठडा जिथं भेटतात तो सांधा उन्हात-थंडीत सतत हलतो. म्हणून तिथं सिमेंटचा उतरता वाटा मारतात आणि कोटिंगच्या दोन थरांत फायबरची जाळी घालतात. नुसतं कोटिंग तिथं एखादा पावसाळा तग धरतं, मग चिरतं. आमचा एक पावसाळा सुखाचा गेला होता, तो यामुळेच. मुकादम हळूच म्हणाला, "जाळी त्या दिवशी संपली होती साहेब."

इथपर्यंत मी जिंकलो असं वाटत होतं. पण हॉलच्या छतालाही एक फिकट डाग होता. काका म्हणाले, "तो पण तपासू." हॉलच्या वर सोलर वॉटर हीटरचा स्टँड आहे. तो मी बसवून घेतला जानेवारी २०२४ मध्ये, वॉटरप्रूफिंगनंतर. बसवणाऱ्या पोरांनी चार पायांचे बोल्ट ड्रिल मारून थेट कोब्यात ठोकले होते. प्रत्येक पायाभोवती मातीचं कडं करून पाणी भरलं. सकाळी हॉलचा डाग ओला. ही गळती ठेकेदाराची नव्हती. ती माझी होती.

काकांकडे बघून म्हटलं, "हे त्याला सांगायलाच पाहिजे का?" काका काही बोलले नाहीत. मुकादम तिथंच उभा होता, त्यानं फोटो काढला. म्हणजे प्रश्न माझ्या हातात उरलाच नाही, हे एका अर्थी बरं झालं.

दोन दिवसांनी ठेकेदार घरी आला. त्याचे तीन मुद्दे होते. पाऊस यंदा फार झाला. माल कंपनीचा आहे, कंपनीला विचारा. आणि सोलर बसवलं तेव्हाच गॅरंटी संपली.

पावसाबद्दल म्हटलं, गॅरंटी पावसासाठीच असते, उन्हाळ्यात स्लॅब कुणाचाच गळत नाही. कंपनीबद्दल त्याला बकेटांचा हिशेब दाखवला. कंपनीची वॉरंटी मालाची असते आणि त्यातही तिच्या अटी असतात. इथं माल चांगला होता, तो लावला कसा हा प्रश्न होता आणि तो त्याचा होता. सोलरचं मात्र मान्य केलं. "ते चार बोल्ट माझे. त्याचा खर्च मी देतो. पण बोल्ट हॉलवर आहेत आणि आईची खोली त्या टोकाला. तिथं तळ ४८ तास कोरडा राहिला आणि कठड्यावरून पाणी आलं, हे तुमच्या माणसानं बघितलंय. तुमच्या कागदावर ड्रिल मारलं तर गॅरंटी जाईल असं कुठंच लिहिलेलं नाही."

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "दादा, यंदाच्या दिवाळी अंकाला जाहिरात मोठी देतो. हे तेवढं मिटवा."

आता जे वाचक मला ओळखतात त्यांना ठाऊक आहे की तालुक्याच्या बातमीदाराचं घर पगारावर चालत नाही. जाहिरात आणली की कमिशन मिळतं. हा ठेकेदार तीन वर्षं माझ्याकडून जाहिरात देत होता. मी ती घेतली असती तर माझं भागलं असतं, आणि आईच्या खोलीचं काम मी कमिशनच्या पैशातून दुसऱ्याकडून करून घेतलं असतं. उलट बाजूनं, "पेपरात छापतो" एवढंच म्हटलं असतं तर तो दुसऱ्या दिवशी माणसं घेऊन आला असता. मित्रांनी तोच सल्ला दिला होता. पण घरातल्या भांडणासाठी बातमीची धमकी देणं म्हणजे खंडणीच. आणि ज्या गिऱ्हाइकाच्या हातात पेपर नाही त्याला काय न्याय मिळतो, हे मला कधीच कळलं नसतं.

मी म्हटलं, "जाहिरात यंदा नको. काम करून द्या. नाहीतर ग्राहक आयोगात जाईन, बातमीदार म्हणून नाही, गिऱ्हाईक म्हणून." आणि तयार ठेवलेला तक्रारीचा मसुदा समोर ठेवला.

त्या मसुद्यासाठी जे शोधलं ते थोडक्यात सांगतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अशा कामातली कसूर म्हणजे सेवेतली त्रुटी. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात तक्रारीला फी नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. कागदावर पाच वर्षं लिहिलंय म्हणून गळती दिसल्यावरही पाच वर्षं बसून राहता येईल, असं धरून चालू नका. आयोग विचारणार तीनच गोष्टी: काय ठरलं होतं, काय झालं, तुम्ही कधी कळवलं. माझ्याकडे बिल नव्हतं, पण मेसेज, मोबाइलवरून पाठवलेल्या पैशाची नोंद, सही केलेला कागद, पोचपावती आणि मुकादमासमोरच्या चाचणीचे फोटो होते. रोख दिलेल्या २० हजारांना मात्र कागदाचा आधार नव्हता. वाचवलेले ६,१५६ रुपये मला तेव्हा आठवले.

तक्रार दाखल करावी लागली नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यानं दोन माणसं पाठवली. कठड्याचं पोकळ प्लास्टर फूटभर उंचीपर्यंत काढलं, नवीन प्लास्टर केलं, वाटा मारला, ते सुकायला आठ दिवस दिले. मग जाळी घालून दोन कोट एक फुटापर्यंत. कोटिंगची वरची कड प्लास्टरमध्ये खाच पाडून आत दाबली, म्हणजे पाणी तिच्या मागे जाणार नाही. सोलरचा स्टँड उचलून चारही पाय सिमेंटच्या छोट्या ओट्यांवर घेतले, त्याचे ३,४०० रुपये मी दिले. या वेळी बिल घेतलं. त्यावर करासकट जे झालं ते झालं.

आणि गॅरंटीचा कागद नव्यानं लिहून घेतला. त्यात गच्चीचं माप, कठड्यावरची उंची, किती कोट, जाळी कुठं, माल कुठला आणि किती किलो, काम संपल्याची तारीख, गळती कळवल्यावर किती दिवसांत बघायला यायचं आणि पाऊस थांबल्यावर किती दिवसांत दुरुस्ती करायची, हे सगळं आहे. कशानं गॅरंटी जाईल तेही आहे: ड्रिल मारलं तर तेवढ्या जागेची. हा कागद लिहिताना ठेकेदार कुरकुरला, मग म्हणाला, "हे बरंय दादा. गिऱ्हाईक सोलर बसवतं आणि शिव्या मला देतं." त्याच्याही बाजूला एक खरी तक्रार होती.

या वर्षी पाऊस मे महिन्यातच येऊन उभा राहिला. ज्यांची कामं मेच्या शेवटाला ठेवली होती त्यांची अर्धवट राहिली. आमच्या आईच्या खोलीचं छत आज जुलैच्या मध्यापर्यंत कोरडं आहे. पण मागच्या वेळीही पहिला पावसाळा कोरडाच गेला होता, त्यामुळे पुढच्या जुलैपर्यंत मी काही बोलणार नाही. आई मात्र अजून कॉट भिंतीकडे सरकवूनच झोपते.

नाव न लिहिण्याचं कारण हेच. त्यानं चूक केली, टाळाटाळ केली, पण शेवटी काम करून दिलं. त्याचं नाव लिहून पोस्ट फिरवली तर तीच बातमीची काठी मी दुसऱ्या दारानं वापरली असं होईल. जाहिरात या वर्षीही त्याच्याकडून घेतलेली नाही.

तुमच्याकडे आत्ता गळत असेल, तर ही पोस्ट वाचून झाल्यावर एवढंच करा. थेंबाचा फोटो काढा, आजच्या तारखेसह ठेकेदाराला लिहून पाठवा आणि जुना मेसेज, जुना कागद शोधून ठेवा. गच्चीवर दुसरं काही फासू नका. पंख्याजवळ ओल असेल तर आधी एमसीबी खाली करा. बाकीचं दसऱ्यानंतर करता येतं. पाणी भरून चाचणी कशी करायची हे कुणाला समजून घ्यायचं असेल तर संध्याकाळी काकांच्या कट्ट्यावर या. त्यांनीच सांगायला सांगितलंय.